कूपन दर, करंट यील्ड आणि वायटीएम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बाँडबद्दल फिरून फिरून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सगळीकडे शक्यतो एकच बाँड वापरला आहे, म्हणजे आकडे मागे-पुढे ताडून पाहता येतील. दर्शनी किंमत, म्हणजे मुदतीअखेर परत मिळणारं मुद्दल, १०००, कूपन ८ टक्के, व्याज वर्षातून एकदा, मुदत संपायला बरोबर ५ वर्षं बाकी आणि आजचा बाजारभाव ९२४. चलन तुम्हाला हवं ते धरा, गणितात फरक पडत नाही. यापुढे ‘आपला बाँड’ म्हटलं की हाच.

१. एकाच बाँडसमोर तीन वेगवेगळे टक्के लिहिलेले दिसतात. त्यातलं माझं व्याज कोणतं?

आपल्या बाँडसमोर ८, ८.६६ आणि १० असे तीन आकडे दिसतील. तिन्ही बरोबर आहेत, कारण तिन्ही वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत.

८ टक्के हा कूपन दर. बाँड काढणाऱ्याने दर्शनी किमतीवर दरवर्षी किती व्याज द्यायचं कबूल केलं आहे, एवढंच तो सांगतो. ८.६६ टक्के हा करंट यील्ड, म्हणजे चालू परतावा. आज तुम्ही जे पैसे मोजणार, त्यावर वर्षाचं व्याज किती टक्के पडतं ते यातून कळतं. १० टक्के हा यील्ड टू मॅच्युरिटी, म्हणजे मुदतपूर्तीपर्यंतचा परतावा. बाजारात त्याला सगळे वायटीएमच म्हणतात. शेवटपर्यंत धरून ठेवला तर व्याज आणि मुद्दल मिळून दरसाल कोणत्या दराने पैसे सुटतात, हे त्यात येतं.

‘व्याज’ म्हणून खात्यात पडेल ती रक्कम कूपनची, वर्षाला ८०. पण ‘मला काय मिळालं’ याचं उत्तर हवं असेल तर वायटीएमकडे पाहा. त्यालाही अटी आहेत. त्या प्रश्न ९ ते १२ मध्ये आल्या आहेत.

२. कूपन दर कधीच बदलत नाही का? आणि त्याला कूपन का म्हणतात?

साध्या, ठरावीक दराच्या बाँडमध्ये बदलत नाही. बाजारात व्याजदर वाढोत, घटोत, बाँडचा भाव निम्म्यावर येवो, वर्षाचे ८० हे ८०च राहतात. दर ठरतो तो बाँड निघतो त्या दिवशीच्या बाजाराकडे पाहून. म्हणून कूपन हा एका अर्थी जुना फोटो असतो. ऑस्ट्रियाने २०२० मध्ये शंभर वर्षांचा बाँड काढला, त्याचं कूपन फक्त ०.८५ टक्के होतं. त्या वेळी तेवढं पुरत होतं. पुढे दर वाढले तसा त्याचा भाव दर्शनी किमतीच्या निम्म्याच्याही खाली गेला, पण कूपन ०.८५ वरच राहिलं. फक्त कूपन पाहणाऱ्याला या सगळ्या घडामोडीचा पत्ताही लागला नसता.

नावामागची गोष्ट साधी आहे. बाँड कागदावर छापले जायचे तेव्हा त्याला छोटे छोटे तुकडे जोडलेले असत. व्याजाची तारीख आली की एक तुकडा कात्रीने कापायचा आणि तो देऊन पैसे घ्यायचे. कागद गेला, नाव उरलं. कूपन बदलतं असे फ्लोटिंग बाँडही असतात, त्यांच्याबद्दल प्रश्न १४ पाहा.

३. करंट यील्ड कसा काढायचा?

वर्षाचं कूपन भागिले आजचा भाव. ८० भागिले ९२४, म्हणजे ८.६६ टक्के. झालं. मुदत किती उरली आहे, शेवटी मुद्दल किती परत येणार, यातलं काहीही त्यात येत नाही. हाच बाँड उद्या संपणार असो की वीस वर्षांनी, भाव ९२४ असेल तर करंट यील्ड तोच येईल. त्याचा सोपेपणाही यातच आहे आणि उणीवही.

भाव कोणता घ्यायचा, जमा झालेलं व्याज धरून की सोडून, यावरून गोंधळ होतो. त्यासाठी प्रश्न ८ पाहा.

४. वायटीएम म्हणजे नेमकं काय? सूत्र पाठ करून दिलं, पण अर्थ कुणी सांगितला नाही.

सूत्र थोडं बाजूला ठेवू. तुम्ही आज ९२४ देता. बदल्यात पाच तारखांना पैसे मिळणार आहेत. पहिली चार वर्षं ८०-८० आणि पाचव्या वर्षी ८० अधिक मुद्दल १०००, म्हणजे १०८०. आता असा एकच दर शोधायचा, की त्या दराने या पाचही रकमा आजच्या किमतीत आणल्या तर बेरीज बरोबर ९२४ येईल. तो दर म्हणजे वायटीएम.

आजच्या किमतीत आणणं म्हणजे चक्रवाढ उलटी चालवणं. १० टक्क्यांनी आजचे १०० एका वर्षात ११० होतात. तसेच वर्षानंतर मिळणारे ८० आज ८० भागिले १.१०, म्हणजे ७२.७ इतक्याच मोलाचे. दुसऱ्या वर्षीच्या ८० ला १.१० ने दोनदा भागायचं, ते ६६.१ होतात. तिसऱ्या वर्षीचे ६०.१, चौथ्या वर्षीचे ५४.६ आणि पाचव्या वर्षीच्या १०८० चे ६७०.६. बेरीज केली तर ९२४.१. भाव ९२४ आहे, म्हणजे दर १० टक्के बसला.

१० हा आकडा आधी कुठून आणला, असं कुणी तरी विचारतंच. अंदाजाने. ९ टक्के धरून पाहिलं तर बेरीज ९६१ येते, ती जास्त झाली. ११ ने ८८९ येते, ती कमी झाली. म्हणून मधला धरला. वायटीएम थेट एका भागाकाराने निघत नाही, त्याला असं चाचपडत शोधावं लागतं. संगणकही हेच करतो, फक्त पटापट.

५. करंट यील्ड ८.६६ आणि वायटीएम १०. मधले १.३४ टक्के येतात कुठून? ते मला कोण देतं?

या पानावरचा एकच प्रश्न वाचायचा असेल तर हा वाचा. हे १.३४ टक्के कुणी चेक लिहून देत नाही. ते बाँडच्या भावात शिरतात.

आपला बाँड आज ९२४ ला आहे आणि पाच वर्षांनी १००० मिळणार हे ठरलेलं आहे. म्हणजे भावाला ९२४ पासून १००० पर्यंत चढायचंच आहे, ते अचानक शेवटच्या दिवशी होत नाही. समजा, वर्षभर बाजारातला दर १० टक्क्यांवरच थांबला. वर्षानंतर चार वर्षं उरतील. प्रश्न ४ मधलं गणित चारच रकमांवर केलं तर भाव सुमारे ९३६.६ येतो. बरोबर १० टक्क्यांना आजचा भाव ९२४.२ बसतो, म्हणजे त्या वर्षात तुमच्या खात्यात ८० पडले आणि कागदोपत्री भाव साधारण १२.४ ने वाढला. ८० म्हणजे ९२४ च्या ८.६६ टक्के. १२.४ म्हणजे ९२४ च्या १.३४ टक्के. दोन्ही मिळून १०.

म्हणून वायटीएम हा करंट यील्डपेक्षा वेगळ्या जातीचा आकडा नाही. करंट यील्डमध्ये फक्त हातात येणारं व्याज असतं. वायटीएममध्ये त्याखेरीज भावाची दर्शनी किमतीकडे होणारी वाटचालही असते. बाँड मुदतीकडे सरकतो तसा भाव दर्शनी किमतीकडे ओढला जातो. हा ओढा किती जोराचा आहे, तेवढंच या दोन आकड्यांमधलं अंतर.

यातून आणखी एक गोष्ट आपोआप कळते. मुदत जवळ असेल तर तीच तूट कमी दिवसांत भरून निघायची असते, म्हणून अंतर मोठं होतं. आपला बाँड ९२४ लाच मिळतोय, पण मुदत संपायला फक्त एक वर्ष बाकी आहे असं समजा. ९२४ दिले, वर्षाने १०८० मिळाले. वायटीएम जवळजवळ १६.९ टक्के. करंट यील्ड मात्र तोच, ८.६६.

६. मी ८ टक्के कूपनचा बाँड १०८४ ला घेतला. करंट यील्ड ७.३८ टक्के आहे, म्हणजे मला तेवढे मिळतात ना?

नाही. तुम्हाला मिळणार ६ टक्के. बाकीचे तुमचेच पैसे तुम्हाला परत मिळत आहेत.

प्रश्न ५ चं गणित इथे उलट्या दिशेने चालतं. दिले १०८४, पाच वर्षांनी मिळणार १०००. ८४ कुठेतरी झिजणार आहेत. दर ६ टक्क्यांवर थांबला तर वर्षानंतर भाव सुमारे १०६९ होतो, म्हणजे पहिल्याच वर्षी साधारण १५ गेले. वर्षाच्या ८० कूपनमधून हे १५ वजा करा. राहिले ६५, आणि ते १०८४ चे ६ टक्के.

फसगत होते ती अशी. खात्यात दरवर्षी नेमाने ८० पडतात, माणूस ते खर्च करतो आणि मुदतपूर्तीला हातात १०००च आल्यावर विचारतो, माझे ८४ गेले कुठे? कुठे गेले नाहीत, दरवर्षी थोडे थोडे कूपनमधून मिळाले आणि खर्चही झाले. प्रीमियमने, म्हणजे दर्शनी किमतीपेक्षा जास्त भावाने, घेतलेल्या बाँडचं सगळं कूपन उत्पन्न म्हणून उडवलं तर मुद्दल हळूहळू खाल्लं जातं. त्यातले कमावलेले किती आणि परत आलेले किती, हे करंट यील्ड सांगत नाही.

७. वायटीएम झटपट काढायचा असेल तर? स्प्रेडशीटमध्ये काय लिहू?

वर्षातून एकदा व्याज देणाऱ्या आपल्या बाँडसाठी हे पुरतं:

```
=RATE(5, 80, -924, 1000)
```

आधी वर्षं, मग वर्षाचं कूपन, मग भाव, शेवटी परत मिळणारं मुद्दल. भावाआधीचं उणे चिन्ह विसरू नका. पैसे तुमच्या खिशातून जातात म्हणून ते उणे. ते राहिलं तर चुकीचा आकडा किंवा एरर येईल. उत्तर १० टक्के येतं.

हे गणित व्याजाच्या तारखेलाच खरेदी केली असं धरतं. दोन व्याजांच्या मधल्या तारखेला घेतला असेल तर तारखा मागणारं `YIELD` हे फंक्शन वापरा.

कागदावरच अंदाज बांधायचा असेल तर एक जुनी युक्ती आहे. भावातली तूट उरलेल्या वर्षांवर वाटा. ७६ भागिले ५, म्हणजे १५.२. ती कूपनमध्ये मिळवा, ९५.२. या रकमेला भाव आणि दर्शनी किंमत यांच्या सरासरीने, म्हणजे ९६२ ने भागा. ९.९ टक्के आले. खऱ्या १० च्या बरंच जवळ. मुदत लांब असेल किंवा भाव दर्शनी किमतीपासून फार दूर असेल तर ही युक्ती चुकते.

व्याज वर्षातून दोनदा मिळत असेल तर हप्ते १० आणि प्रत्येकी ४० धरून निघालेला दर दुप्पट करायचा:

```
=RATE(10, 40, -924, 1000)*2
```

इथे एक बारीक खाच आहे. सहामाही ५ टक्के असेल तर बाजार त्याला १० टक्के म्हणतो, पण चक्रवाढ धरली तर वर्षाला ते १०.२५ होतात. सहामाही व्याजाच्या बाँडचा १० आणि वार्षिक व्याजाच्या बाँडचा १० हे एकाच मापाचे नाहीत. तुलना करायच्या आधी दोन्ही एका मापात आणा.

८. भाव ९२४ लिहिला होता, पण माझ्याकडून ९८४ घेतले. ठकवलं का?

बहुधा नाही. आधीच्या मालकाने शेवटच्या व्याजानंतर नऊ महिने बाँड सांभाळला असेल तर वर्षाच्या ८० पैकी ६० त्याचे झाले. पुढचे सगळे ८० मात्र तुमच्या खात्यात येणार, म्हणून त्याचे ६० तुम्ही आत्ता भरता. जमा व्याज सोडून सांगितलेल्या भावाला क्लीन प्राइस म्हणतात, ते धरून जे द्यावे लागतात त्याला डर्टी प्राइस.

करंट यील्ड क्लीन भावावर काढायचा. ८० भागिले ९८४ केलं तर ८.१३ येतात आणि व्याजाची तारीख जवळ येईल तसा आकडा उगाच घसरत राहतो, व्याज दिल्यावर पुन्हा उडी मारतो. बाँडमध्ये काहीच बदललेलं नसतं. वायटीएम काढताना मात्र खरोखर दिलेले सगळे पैसे, म्हणजे ९८४च धरायचे; `YIELD` ला मात्र क्लीन भाव द्यायचा, तोही दर्शनी १०० मागे, जमा व्याज ते स्वतःच धरतं.

कुणी दिलेले आकडे बरोबर आहेत का, हे तपासायची एक सोपी खूण आहे. भाव दर्शनी किमतीखाली असेल तर कूपन सगळ्यात लहान, करंट यील्ड मधला आणि वायटीएम सगळ्यात मोठा असतो. भाव दर्शनी किमतीच्या वर असेल तर क्रम उलटा. भाव आणि दर्शनी किंमत सारखी असेल तर तिन्ही आकडे एकच. हा क्रम बिघडलेला दिसला तर कुणीतरी डर्टी भाव वापरला आहे, किंवा मुद्दल टप्प्याटप्प्याने परत मिळतं आहे, किंवा बाँड मुदतीआधी परत घेण्याची सोय आहे (प्रश्न ११). यातलं कोणतं ते विचारून घ्या.

९. वायटीएम १० टक्के होता, शेवटपर्यंत बाँड धरला, तरी हिशेब केला तर १० पडत नाहीत. का?

मधे मिळालेल्या कूपनचं तुम्ही काय केलं, यावर ते अवलंबून आहे. ९२४ वर दरसाल १० टक्के चक्रवाढीने पाच वर्षांनी सुमारे १४८८ व्हायला हवेत. शेवटी मुद्दल मिळतं १०००. उरलेले ४८८ पाच कूपनमधून यायचे आहेत, पण कूपन तर फक्त ४०० ची आहेत. वरचे ८८ तेव्हाच येतात, जेव्हा मिळालेलं प्रत्येक कूपन लगेच १० टक्क्यांनी गुंतवलं जातं.

कूपन ५ टक्क्यांनीच गुंतवली गेली तर शेवटी १४४२ होतात आणि तुमचा परतावा ९.३ टक्के पडतो. कूपन नुसती पडून राहिली तर १४००, म्हणजे ८.७ टक्के. बाँड तोच, धरलाही शेवटपर्यंत.

पुस्तकांत लिहिलेलं असतं की वायटीएम ‘गृहीत धरतो’ की कूपन त्याच दराने गुंतवली जातील. मला ती शब्दरचना पटत नाही. प्रश्न ४ मधल्या गणितात पुढच्या गुंतवणुकीचा उल्लेखही नाही, तिथे फक्त बाँडच्याच रकमा आहेत. शेवटी हातात किती साठले यावरून दर मोजायला लागलात तरच ती अट येते. दर वर्षी ८० खर्चच करणार असाल तर बाँडने तुम्हाला १० टक्केच दिले, पण त्या त्या वेळी त्यात अडकून असलेल्या पैशांवर.

१०. मुदतीआधी विकला तर वायटीएम मिळेल का?

विकताना बाजाराचा दर तोच असेल तर मिळेल, नाही तर नाही. प्रश्न ५ मध्ये दर १० वरच राहिला म्हणून वर्षाला १० टक्के पडले. तो १२ झाला असता तर चार वर्षं उरलेल्या आपल्या बाँडचा भाव ८७८.५ झाला असता. ८० व्याज मिळालं, भावात ४५.५ गेले. हातात उरले ३४.५, म्हणजे ३.७ टक्के. दर घसरला असता तर उलट १० पेक्षा जास्त मिळाले असते. वर्षा-दोन वर्षांत पैसे लागणारच असतील तर वीस वर्षांच्या बाँडचा वायटीएम पाहून उपयोग नाही.

११. ‘कॉलेबल’ बाँडचा वायटीएम चांगला दिसतोय. घ्यावा का?

घ्यावा की नाही ते तुम्ही ठरवा, पण वायटीएमवर ठरवू नका. कॉलेबल म्हणजे बाँड काढणाऱ्याला मुदतीआधी मुद्दल देऊन मोकळं होण्याचा हक्क. तो हक्क तुमचा नाही, त्याचा आहे. आणि तो वापरतो तो त्याच्या सोयीच्या वेळी, म्हणजे बाहेर स्वस्तात कर्ज मिळू लागल्यावर. नेमक्या याच वेळी तुमच्या बाँडचा भाव चढलेला असतो.

प्रश्न ६ मधलाच १०८४ चा बाँड घ्या. दोन वर्षांनी १००० देऊन तो परत घेण्याची सोय आहे असं समजा. तसं झालं तर तुम्हाला मिळणार ८०, मग १०८०. ८४ ची झीज पाच वर्षांऐवजी दोनच वर्षांत झाली. दर निघतो ३.६ टक्के. आता एकाच बाँडवर चार आकडे झाले: कूपन ८, करंट यील्ड ७.३८, वायटीएम ६ आणि कॉलपर्यंतचा परतावा ३.६. जाहिरातीत यातला कोणता मोठ्या अक्षरांत येईल, ते सांगायला नको.

अशा बाँडसाठी शक्य असलेल्या प्रत्येक कॉलच्या तारखेला परतावा काढतात आणि त्यातला व मुदतीपर्यंतच्यातला सगळ्यात कमी धरतात. त्याला यील्ड टू वर्स्ट म्हणतात. विक्रेत्याकडे तोच मागा.

१२. एका बाँडचा वायटीएम २२ टक्के दिसतो. इतका चांगला बाँड कुणी घेत का नाही?

कारण तो आकडा ‘सगळे पैसे वेळेवर मिळाले तर’ इतक्या मोठ्या अटीवर उभा आहे. आपल्याच बाँडचा भाव ६०० वर आला असं धरा. करंट यील्ड १३.३ टक्के, वायटीएम जवळजवळ २२. पण भाव ६०० वर आलाच का? बाजाराला पैसे बुडण्याची भीती वाटते म्हणून.

समजा, कंपनीने पहिल्या वर्षाचे ८० दिले, मग हात वर केले आणि दुसऱ्या वर्षाच्या शेवटी मुद्दलातले ४०० वसूल झाले. ६०० देऊन ४८० मिळाले. २२ टक्के सोडा, मुद्दलच गेलं. वायटीएम हा कबूल केलेल्या पैशांचा दर आहे, अपेक्षित पैशांचा नव्हे. भरवशाच्या कर्जदाराच्या बाबतीत या दोहोंत फारसा फरक नसतो, डळमळीत कर्जदाराच्या बाबतीत दोन्हींचा काही संबंध उरत नाही. तेवढ्याच मुदतीच्या सरकारी बाँडपेक्षा वायटीएम किती वर आहे ते पाहा. ते अंतर मुख्यतः बुडण्याच्या आणि बाँड विकायला अवघड असण्याच्या जोखमीचं मोल असतं.

१३. कूपन शून्य असेल तर? आणि मुदतच नसेल तर?

ही दोन टोकं आहेत. झिरो कूपन बाँडमध्ये मधे काहीच मिळत नाही. १० टक्के दराने पाच वर्षांनी १००० देणारा बाँड आज ६२१ ला मिळेल. कूपन शून्य, करंट यील्ड शून्य, वायटीएम १०. सगळी कमाई भावाच्या चढण्यात. प्रश्न ९ ची कटकटही इथे नाही, कारण गुंतवायला मधे कूपनच नाही. शेवटपर्यंत धरलात आणि कुणी बुडवलं नाही तर १० म्हणजे १०च.

उलट, कधीच मुद्दल परत न देणारा बाँड असेल तर भाव कशाकडेच ओढला जात नाही, त्यामुळे करंट यील्ड आणि वायटीएम एकच. ब्रिटिश सरकारचे कन्सोल हे याचं प्रसिद्ध उदाहरण. अठराव्या शतकात सुरू झालेल्या या मालिकेतले उरलेसुरले बाँड सरकारने २०१५ मध्ये फेडून टाकले. अर्थात, म्हणजे ‘कधीच नाही’ हेही शेवटी सरकारच्या मर्जीवर होतं.

शून्य कूपनच्या बाँडवर दर्शनी किमतीपेक्षा जास्त पैसे कुणी देईल का? दिले आहेत. जर्मनीने ऑगस्ट २०१९ मध्ये तीस वर्षांचा शून्य कूपनचा बाँड विकला, त्याचा वायटीएम उणे ०.११ टक्के होता. करंट यील्ड अर्थातच शून्य. उणे परतावा वायटीएममध्येच दिसू शकतो. साध्या बाँडचा करंट यील्ड शून्याखाली जाऊच शकत नाही.

१४. फ्लोटिंग बाँडचा वायटीएम का देत नाहीत?

देतात, पण त्यात ‘पुढची सगळी कूपन अमुक असतील’ असं कुणीतरी ठरवलेलं असतं. बहुतेक वेळा आजचाच दर शेवटपर्यंत धरतात. अशा बाँडमध्ये कूपन ज्या बाजारदराशी जोडलेलं असतं, त्या मूळ दरावर किती जास्त मिळतं, ते पाहणं जास्त कामाचं.

१५. मग करंट यील्ड बघायचाच नाही का?

बघा, पण त्याच्या कामापुरता. बाँड विकायचा नाही, त्याच्या व्याजावर घरखर्च चालवायचा आहे आणि ९२४ गुंतवल्यावर वर्षाला हातात किती येतील एवढंच हवं असेल, तर तो आकडा अगदी नेमका आहे. मुदत नसलेल्या बाँडसाठीही तोच पुरतो. सावध राहा ते दोन बाँडांमधून एक निवडताना. नुसता करंट यील्ड बघून निवडला तर हात आपोआप जास्त कूपनच्या, प्रीमियमवर विकल्या जाणाऱ्या बाँडकडे जातो, आणि तिथे काय होतं ते प्रश्न ६ मध्ये आलंच आहे.

कराचा विचार या तिन्ही आकड्यांत नाही. कूपनवरचा आणि भाव वाढल्यावरचा कर बऱ्याच देशांत वेगवेगळा असतो, त्यामुळे सारख्याच वायटीएमच्या दोन बाँडांमधून करानंतर हातात वेगवेगळे पैसे उरू शकतात. एक ९२४ ला घेतलेला आणि दुसरा १०८४ ला घेतलेला असेल तर हा हिशेब आधी करून बघा.